चाळीस तास लाईट नव्हती आणि आता फ्रीजरमधलं सगळं पुन्हा कडक झालंय: काय ठेवायचं, काय टाकायचं?

सांजवेळ

नमस्कार मंडळी, जरा गडबडीत लिहितेय त्यामुळे इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. आम्ही गुरुवारी बाहेरगावी गेलो आणि रविवारी रात्री नऊला घरी आलो तर सगळी घड्याळं ब्लिंक करतायत, म्हणजे मागे लाईट जाऊन आलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास गेली, त्यांचं मशीन मध्येच बंद पडलं म्हणून वेळ लक्षात आहे, आणि शनिवारी रात्री त्या झोपेपर्यंत आली नव्हती.

मी धावत जाऊन फ्रीजर उघडला तर सगळं एकदम कडक! आईस्क्रीमचा डबा कडक, चिकन कडक, मटार कडक. नवरा म्हणतो काही झालेलं नाही, कडक आहे म्हणजे टिकलंय. पण मला पटत नाहीये. फ्रीज दोन दारांचा, वर फ्रीजर, साधारण अर्धा भरलेला, आणि घरात कोणी नव्हतं त्यामुळे दार उघडलं गेलेलं नाही.

आत काय आहे ते लिहिते. वरच्या जाळीवर फिश फिले, आईस्क्रीम, शिजवलेल्या सूपचे दोन डबे, किसलेलं चीज, बर्फाचा ट्रे. खालच्या भागात चिकनचा दोन किलोचा एकच गोळा, एक ब्रेड, लोणी, स्ट्रॉबेरीची पिशवी. दाराच्या कप्प्यात मटार आणि बदाम-अक्रोड. कसं ठरवू?

घाईघाईत

अजिबात दार उघडू नका!! वरून जाड गोधडी घाला (मागची जाळी सोडून) आणि कुठे ड्राय आईस मिळाला तर आणा, पण हाताने धरू नका आणि खिडकी उघडी ठेवा. भरलेला फ्रीजर बंद दाराने ४८ तास जातो, अर्धा भरलेला २४ तास.

सांजवेळ

@घाईघाईत अहो लाईट कधीच आलीये 😀 प्रश्न आता पुढचा आहे.

घाईघाईत

अरेच्चा, शीर्षक अर्धंच वाचलं. मग ४८ आणि २४ तेवढं घ्या, बाकीचं सोडा.

कढईवाला

तुमच्या नवऱ्याचं बरोबर आहे. आणि अगदीच शंका असेल तर वास घ्या, बुळबुळीत लागतंय का बघा, आणि मग व्यवस्थित खळखळून उकळा. शिजवल्यावर सगळे जंतू मरतात, लोक उगाच घाबरून चांगलं अन्न फेकून देतात. सूप तर काय, दहा मिनिटं उकळी आली की झालं. मी आयुष्यभर असंच करत आलोय.

नियमावली

मी उलट सांगेन. एकदा वितळलेली वस्तू पुन्हा गोठवायची नाही हे पाकिटावरच छापलेलं असतं. तुमचं आपोआप पुन्हा गोठलंय, म्हणजे नियम मोडलाच. सगळं टाका, ब्रेडसकट. जिवापेक्षा काही मोठं नाही.

थंडोबा

मी बरीच वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढली आहेत म्हणून थोडं लिहितो, लांब होईल.

पहिली गोष्ट, आत्ता कडक आहे यावरून काहीच कळत नाही. कडकपणा आजचा आहे आणि तुमचा प्रश्न परवाचा. तुम्ही लाईट नसताना घरी असता तर काम सोपं होतं, कारण तेव्हा पाकीट दाबून आत बर्फाचे कण लागतात का ते बघता येतं. कण असतील किंवा थर्मामीटर ४ अंशाच्या आत असेल तर वस्तू परत गोठवता येते, चव आणि पोत थोडा उतरतो इतकंच. त्यामुळे @नियमावली, पाकिटावरची सूचना वाईट नाही पण ती सरसकट आहे, पाकीट कुठे आणि किती वेळ बाहेर राहिलं हे कंपनीला माहीत नसतं म्हणून ते तसं छापतात. ब्रेड टाकायचं काहीच कारण नाही.

कणांना एवढं महत्त्व का, तर बंद फ्रीजरमध्ये तापमान सरळ रेषेत चढत नाही. उणे १८ वरून उणे दोन-तीनपर्यंत बऱ्यापैकी वेगाने येतं आणि मग तिथे अडकतं. तिथून पुढे आत येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात जाते, तापमान शून्याच्या आसपासच रेंगाळतं, कित्येक तास. बर्फ संपला की मात्र परत भराभर चढायला लागतं. म्हणजे जोवर वस्तूत बर्फ शिल्लक आहे तोवर ती थंड आहेच. भरलेला फ्रीजर जास्त वेळ टिकतो तो याच कारणाने, वितळायला माल जास्त असतो.

तुमच्या बाबतीत तो पुरावा पुन्हा गोठून गेलाय. पण फ्रीजर खुणा ठेवतो. तेव्हा आधी हे सांगा:

बर्फाच्या ट्रेमधले खडे सुटे आहेत का एकमेकांना चिकटून एक पाटी झालीये? आईस्क्रीमची पातळी खाली गेलीये का, डबा उघडून बघा. फिशच्या पाकिटाच्या तळाशी गोठलेलं पाणी आहे का? मटार सुटे वाजतात का? आणि लाईट नेमकी कधी आली ते शोधा, कारण "शनिवारी रात्रीपर्यंत नव्हती" आणि "रविवारी दुपारपर्यंत नव्हती" यात फार फरक आहे.

चौकसबुद्धी

लाईट कधी आली ते घड्याळावरून कळेल! तुमच्याकडे लाईटवर चालणारं डिजिटल घड्याळ असेल जे लाईट आल्यावर १२:०० पासून परत मोजायला लागतं, ते आत्ता जे दाखवतंय तितके तास झाले लाईट येऊन. मायक्रोवेव्हची घड्याळं बऱ्याचदा नुसती शून्यावर थांबून राहतात, त्यांचा उपयोग नाही, पण बेडजवळच्या अलार्म घड्याळाचा होतो. फक्त सेट करू नका आधी, बघून घ्या.

सांजवेळ

@चौकसबुद्धी वा! अलार्मवालं घड्याळ अजून तसंच ब्लिंक करतंय. मी नऊला घरात शिरले तेव्हाचा माझ्या फोनमध्ये फोटोही आहे (नवऱ्याला बाकी राहिलेली कामं दाखवायला काढला होता, असो), त्यात ६:२० दिसतंय. म्हणजे रविवारी दुपारी २:४० ला आली?

उलटतपासणी

बाराचं घड्याळ आहे ना, मग ६ तास २० मिनिटं किंवा १८ तास २० मिनिटं, दोन्ही होऊ शकतं. पीएमचा ठिपका पेटलाय का बघा. ही घड्याळं रात्रीच्या १२ पासून सुरू होतात, ठिपका असेल तर अठरा.

आणि दुसरं, मध्ये लाईट येऊन परत गेली असेल तर घड्याळ फक्त शेवटची वेळ सांगेल. शेजारी विचारा.

सांजवेळ

ठिपका आहे. म्हणजे १८ तास २० मिनिटं, म्हणजे रविवारी पहाटे २:४०. शुक्रवार सकाळी अकरा ते रविवार पहाटे पावणेतीन, साधारण चाळीस तास होतात. वरच्या मजल्यावरचे दादा म्हणाले शनिवारी संध्याकाळी अर्धा तास आली होती आणि लगेच गेली.

आता खुणा. बर्फाचा ट्रे: खडे वेगळे नाहीत, वरून सपाट पाटी झालीये. आईस्क्रीम: डबा भरलेला होता, आता पातळी दोन बोटं खाली, वर पिवळट जाड थर आणि खाली बर्फाळ थर. फिश: पिशवीच्या एका कोपऱ्यात गुलाबी बर्फ जमलाय आणि फिले एकमेकांना चिकटून चपटे झालेत. मटार: अख्खी पिशवी एक वीट. सूपच्या डब्यांचं काही कळत नाही. चिकनचा गोळा आहे त्याच आकाराचा आहे, पिशवीच्या खालच्या बाजूला लाल बर्फाची पातळ चकती आहे, जास्त नाही. फ्रीजच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की लाईट गेल्यावर १२ तास टिकतं. मग १२ तासांनंतर सगळंच गेलं ना?

थंडोबा

नाही, मॅन्युअलमधला तो आकडा वेगळा असतो. पूर्ण भरलेल्या फ्रीजरमधलं सगळ्यात गरम पाकीट उणे १८ वरून उणे ९ वर यायला किती तास लागतात ते त्यात मोजलेलं असतं, तेही खोली साधारण २५ अंशाची धरून. उणे ९ ला वस्तू कडकच असते. म्हणजे १२ तास ही मुदत संपल्याची घंटा नाही, तिथून पुढे बराच वेळ असतो. पण तुमचा अर्धाच भरलेला होता आणि चाळीस तास म्हणजे कुठल्याही हिशोबाने लांब.

खुणा स्पष्ट आहेत. बर्फाचा ट्रे पूर्ण पाणी झाला होता, म्हणजे वरच्या जाळीवर शून्याच्या वर गेलं होतं. आईस्क्रीम खाली बसलं, म्हणजे ते पातळ होऊन हवा निघून गेली. फिशचं पाणी सुटून कोपऱ्यात साचलं. दारातले मटार वीट झाले, दार सगळ्यात आधी गरम होतं त्यात आश्चर्य नाही.

आता शून्याच्या वर गेलं हे कळलं, पण ४ च्या वर किती वेळ होतं ते ट्रे सांगत नाही. ते ठरवायला अजून काही आहे का बघा, पाण्याची बाटली, जेल पॅक, काहीही.

अजून एक लक्षात घ्या. लाईट पहाटे २:४० ला आली म्हणजे वस्तू २:४० ला थंड झाली असं होत नाही. घरगुती फ्रीजर दिवसाला दोन-चार किलोच नीट गोठवतो, वितळलेलं पाकीट मधोमध परत थंड व्हायला आणखी काही तास जातात. ते तासही हिशोबात धरायचे.

चौकसबुद्धी

नाणं ठेवायची युक्ती आहे ना, कपात बर्फ करून वर नाणं ठेवायचं आणि परत आल्यावर नाणं तळाशी गेलंय का बघायचं. तळाशी गेलं तर सगळं टाका, वरच असेल तर बिनधास्त खा.

थंडोबा

चांगली आहे पण "बिनधास्त" जरा जास्त होतंय. कप जिथे ठेवलाय तिथलंच ते सांगतं, खाली मागच्या कोपऱ्यात कप ठेवला तर तो दाराबद्दल काही बोलत नाही. आणि नाणं तळाशी गेलं म्हणजे त्या कपातला बर्फ वितळला एवढंच, त्यानंतर एक तास गेला का दहा तास ते नाही कळत.

सांजवेळ

बाटल्या आहेत! अर्ध्या लिटरच्या दोन. त्या मी नेहमी दाराच्या कप्प्यात उभ्या ठेवून गोठवते आणि मग आत आडव्या टाकते, प्रवासात नेण्यासाठी. एक वरच्या जाळीवर होती, एक खाली मागच्या कोपऱ्यात, चिकनच्या गोळ्याला टेकून.

थंडोबा

ताई, याच्यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. उभी गोठवून आडवी ठेवलेली बाटली नाण्यापेक्षा भारी. दोन्ही बाटल्या उजेडात धरून बघा. बर्फ अजून बुडाकडे आहे आणि तोंडाकडे रिकामं आहे, तर ती कधीच पूर्ण वितळली नाही. बर्फ बाटलीच्या लांबीभर एका बाजूला सपाट बसलाय, तर पूर्ण पाणी होऊन आडवी गोठली.

सांजवेळ

वरची बाटली: बर्फ लांबीभर एका अंगाला, वरची बाजू सपाट. म्हणजे पूर्ण पाणी झालं होतं.

खालची: बुडाकडे जुना पांढरट गोळा आहे तसाच, आणि एका बाजूने लांबीभर काचेसारख्या बर्फाची बारीक पट्टी. पट्टी माझ्या करंगळीएवढी असेल. हे काय?

थंडोबा

म्हणजे खालची बाटली थोडी वितळली, ते पाणी एका बाजूला वाहत गेलं आणि नंतर तिथे गोठलं, पण जुना गोळा शेवटपर्यंत बर्फच होता. म्हणजे त्या कोपऱ्यात चाळीस तासांनंतरही तापमान शून्याजवळ होतं. वर मात्र सगळा बर्फ संपून गेला होता, आणि कधी संपला ते माहीत नाही.

आता निकाल सांगतो, मग भांडा.

फिश, सूप, आईस्क्रीम, किसलेलं चीज: टाका. फिश, सूप आणि आईस्क्रीम पूर्ण वितळलेले असण्याची दाट शक्यता आहे आणि ४ च्या वर दोन तास हीच यांची हद्द असते, चीजलाही किसलेलं असेल तर हाच नियम. कडक चीजचा अख्खा तुकडा असता तर ठेवा म्हटलं असतं.

मटार: दारात होते आणि वीट झालेत. भाज्यांना थोडी जास्त सवलत असते, सहा तासांपर्यंत, पण दारात सहा तास नक्कीच होऊन गेले असणार. टाका.

बदाम-अक्रोड, ब्रेड, लोणी: ठेवा. दाण्यांना फ्रीजरची गरजच मुळात वास लागू नये म्हणून असते. फक्त बघा की फिशचं किंवा चिकनचं पाणी यांच्यावर गळलेलं नाहीये, गळलं असेल तर ते पाकीटही टाका.

स्ट्रॉबेरी: मऊ झाली असेल तरी फळं आंबट असल्यामुळे बऱ्यापैकी निभावतात. पिशवी उघडून बघा, बुरशी किंवा आंबवल्यासारखा वास, बुळबुळीतपणा आला असेल तर टाका, नाहीतर शिजवून सॉस करा.

चिकन: इथे माझं मत लिहितो, कायदा नाही. ठेवलं असतं.

कढईवाला

मग सूप का नको? ते तर शिजवलेलंच आहे, परत उकळलं की संपलं. आणि चिकन कच्चं असून चालतं? उलटं सांगताय.

थंडोबा

उलटं वाटतं खरं. उकळून जिवंत जंतू मरतात हे तुमचं बरोबरच आहे, कच्च्या चिकनमधले जंतू नीट शिजवलं की मरतात. गडबड अशी की काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि जंतू मेले तरी ते विष तसंच राहतं, उकळीने जात नाही. स्टॅफिलोकोकस त्यातला एक, तो हाताळलेल्या आणि शिजवलेल्या पदार्थांत बसतो. बॅसिलस सिरियस दुसरा, शिजवलेला भात किंवा तसलं पिठूळ काही असेल तर त्याचे बीजाणू पहिल्या शिजवण्यातच जिवंत राहतात आणि कोमट असताना वाढतात, त्याचं उलटी आणणारं विषही उकळीला दाद देत नाही. शिजवलेल्या अन्नात यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू आधीच मेलेले असतात, त्यामुळे यांना मोकळं रान.

आणि मासे वेगळे, बांगडा-टूना अशा माशांत गरम जागी राहिले की हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि गोठवूनही नाही.

वासाचं म्हणाल तर वाईट वास आला तर टाकाच, पण वास आला नाही म्हणून चांगलं असं नाही. वास करणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा वेगळे असतात. आणि चाखून तर अजिबात बघू नका, घोटभरसुद्धा नाही.

कढईवाला

मला अजून काही झालं नाही बुवा. पण ठीक आहे, भाताचं माहीत नव्हतं.

उलटतपासणी

@थंडोबा चिकनवर माझा आक्षेप आहे. बाटली चिकनला टेकून होती म्हणजे चिकनचा बाटलीकडचा भाग थंड होता, मान्य. पण गोळ्याची वरची बाजू जाळीच्या खाली, रिकाम्या जागेकडे तोंड करून होती आणि त्या जागेत हवा गरम होती हे तुम्हीच सांगितलंत. शिवाय पिशवीत लाल बर्फाची चकती आहे, म्हणजे गोळा मऊ झाला होताच.

थंडोबा

मऊ होण्याला मी घाबरत नाही. मांस शुद्ध पाण्यासारखं शून्याला वितळत नाही, त्यात मीठ-क्षार असल्याने उणे एक-दोन अंशालाच मऊ पडायला लागतं. म्हणजे बाटलीतला बर्फ शाबूत असतानाही शेजारचं चिकन मऊ होऊन पाणी सोडू शकतं आणि तरी ते फ्रीजपेक्षा थंड असतं. बर्फाची चकती म्हणजे "मऊ झालं", "गरम झालं" नव्हे.

वरच्या बाजूचं मात्र तुमचं बरोबर आहे, तिथला पुरावा माझ्याकडे नाही. थंड हवा खाली बसते, दार उघडलं गेलं नाही, दोन किलोचा एकसंध गोळा आहे, वरून सैल पडलेला नाही, म्हणून मला वाटतं वरची बाजूही दोन-तीन अंशाच्या वर गेली नसावी. वाटतं, इतकंच.

उलटतपासणी

"वाटतं" वर मी चिकन खाणार नाही. गोळा लहान तुकड्यांचा असता तर तुम्हीही टाका म्हटलं असतं ना?

थंडोबा

हो, सुट्या तुकड्यांची पिशवी असती तर टाकली असती. पातळ गोष्टी आधी गरम होतात. आणि घरात गरोदर बाई, लहान बाळ, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर हा गोळाही टाकायचा, तिथे मी वाद घालणार नाही.

नवीआई

धाग्यात मध्येच शिरते, सॉरी. आमच्याकडे परवा अशीच लाईट गेली होती, आणि माझं काढून ठेवलेलं दूध फ्रीजरमध्ये आहे, बाळासाठी, कामावर रुजू व्हायचंय म्हणून साठवलं होतं. काही पिशव्यांत मधोमध बर्फ होता तेव्हाच लाईट आली, त्या आता परत घट्ट झाल्या. काही पूर्ण पातळ झाल्या होत्या पण गार होत्या, त्या मी खाली फ्रीजमध्ये ठेवल्यात. हे सगळं टाकायचं का? रडू येतंय खरंच.

थंडोबा

@नवीआई सगळं नाही. ज्यात बर्फाचे कण होते ते परत गोठवलेलं चालतं. ज्या पूर्ण पातळ पण गार होत्या त्या परत गोठवू नका, फ्रीजमध्ये ठेवून एका दिवसात वापरा. परवाचं म्हणताय म्हणजे तो दिवस उलटून गेलाय, त्या पिशव्या आता टाका. वाईट वाटतं खरं, पण घट्ट झालेल्या तुमच्याकडे राहतात. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याही वापरू नका.

नवीआई

बाळ वेळेवर झालंय, ठणठणीत आहे. जास्त पिशव्या बर्फवाल्याच होत्या, हुश्श. थँक्यू दादा.

नियमावली

माझं अजूनही म्हणणं आहे की इतका हिशोब करण्यापेक्षा रिकामा करणं सोपं. पण बाटलीची कल्पना आवडली, आजच दोन लावतो.

चौकसबुद्धी

@थंडोबा मग एक बाटली वर, एक खाली, एक दारात, असं केलं तर पुढच्या वेळी तिन्ही ठिकाणचं कळेल ना? का सरळ मिन-मॅक्स थर्मामीटर घेऊ, जो सगळ्यात जास्त गेलेलं तापमान लक्षात ठेवतो?

थंडोबा

थर्मामीटर चांगलाच, पण फ्रीजरच्या थंडीत चालणारा घ्या आणि त्याचा सेन्सर हवेत लटकवू नका, दोन पाकिटांच्या मध्ये ठेवा, नाहीतर दार उघडलं तरी जास्तीत जास्त आकडा चढून बसतो आणि मग त्याला काही अर्थ राहत नाही. आणि तो किती वेळ वर होतं ते सांगत नाही, फक्त किती वर गेलं ते. तो ४ च्या आत राहिला असेल तर मात्र पुढचा काही प्रश्नच नाही. बाटल्या लावायच्या तर त्या आधी उभ्या गोठवायच्या, पूर्ण भरायच्या नाहीत, नाहीतर फुटतात, आणि आडव्या ठेवताना झाकण घट्ट.

सांजवेळ

अपडेट देते. वरच्या जाळीवरचं सगळं आणि मटार टाकले, फिशची पिशवी आणखी एका पिशवीत बांधून. तिचं पाणी जाळीतून खाली ब्रेडच्या पाकिटावर ठिबकलेलं दिसलं, एक गुलाबी डाग गोठलेला, म्हणून ब्रेडही गेला. जाळी आणि तळ साबणाच्या पाण्याने पुसला. लोणी, दाणे ठेवले. स्ट्रॉबेरी उघडली तर वास छान आहे, रस सुटलाय पण बुळबुळ नाही, उद्या सॉस.

चिकनवर आमच्यात अजून एकमत नाही. सासूबाई पुढच्या आठवड्यात राहायला येणार आहेत, त्यांचं वय पंचाहत्तर.

उलटतपासणी

मग प्रश्नच मिटला, टाका.

कढईवाला

किंवा त्या यायच्या आधी तुम्ही दोघांनीच संपवा 😀 दोन किलो म्हणजे काय जास्त नाही.

थंडोबा

सासूबाईंना नको हे नक्की. तुम्ही दोघं खाणार असाल तर ओट्यावर वितळवत ठेवू नका, खाली फ्रीजमध्ये खोलगट भांड्यात ठेवा. दोन किलोला एक ते दोन दिवस लागतील. उघडल्यावर वरच्या बाजूला चिकट थर किंवा वास असेल तर तिथेच थांबा, आणि नसला तर सगळं एकाच वेळी शिजवा, आतपर्यंत ७४ अंश यायला हवेत. कच्चं परत फ्रीजरमध्ये टाकायचं नाही.

सांजवेळ

नवऱ्याने मोठं पातेलं काढून ठेवलंय, म्हणजे त्याचं ठरलेलं दिसतंय. माझं नाही. गोळा सध्या तिथेच आहे, वर चिठ्ठी चिकटवलीये "वितळून गोठलेलं", तारखेसकट. उद्या सकाळी बोलतो.

घाईघाईत

हे सगळं वाचून एक विचारू का, मोठा आडवा चेस्ट फ्रीजर असता तर? आमच्याकडे तो आहे, पूर्ण भरलेला, आणि मागच्या वेळी दोन दिवस लाईट नव्हती.

थंडोबा

चेस्टला वरून झाकण असतं, उघडलं तरी थंड हवा खालीच राहते, त्यामुळे तो जास्त टिकतो. पण दोन दिवस म्हणजे बरोबर ४८ च्या कडेवर आहात. त्यात झाकणाजवळचा वरचा थर आणि तळाचा थर वेगवेगळे धरा. वर काय होतं आणि आता त्याची अवस्था कशी दिसते ते लिहा, मग बोलू.